व्हॉल्व्ह आवळण्याऐवजी व्हीएफडी: ३० किलोवॅटच्या पंपावर ७० टक्के बचत खरोखर होते का?

बुटीबोरी_देखभाल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीतील एका खाद्यतेल कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. आमच्याकडे जमिनीवरच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा एक सेंट्रिफ्यूगल पंप आहे. त्याची मोटर ३० किलोवॅटची असून पंपाच्या पाटीवर ताशी १८० घनमीटर आणि ४० मीटर हेड, म्हणजे पंप पाणी जितक्या उंचीपर्यंत ढकलू शकतो ते माप, असे लिहिलेले आहे. सोयाबीनच्या हंगामात साधारण दोन महिने पूर्ण १८० घनमीटर पाणी लागते. उरलेल्या दहा महिन्यांत एक लाइन बंद असल्याने १२० पुरते आणि तेवढ्यासाठी आम्ही पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह आवळून ठेवतो. या दहा महिन्यांत पाण्याची गरज सुमारे ४,००० तास असते.

एका विक्रेत्याने व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचा, प्रस्ताव दिला आहे. त्याचे गणित असे की प्रवाह दोन तृतीयांश हवा असेल तर वेगही दोन तृतीयांश, म्हणजे ३३ हर्ट्झ, आणि वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटत असल्याने २८ किलोवॅटचे ८.३ किलोवॅट होतील. बचत ७० टक्के. आमच्या बिलात सर्व आकार धरून युनिट सुमारे ९ रुपयांना पडते, त्या हिशेबाने वर्षाला ७ लाखांहून अधिक रुपये वाचतील असे तो सांगतो. पॅनेलसह खर्च २ लाख ४० हजार आहे. आकडा इतका चांगला आहे की साहेबांपुढे मांडण्याआधी जाणकारांकडून तपासून घ्यावा असे वाटले.

वायरमन_हिंगणा

भाऊ, आधी एक गोष्ट लक्षात घ्या. व्हॉल्व्ह आवळला की वीज वाया जाते असे सगळेच म्हणतात, पण सेंट्रिफ्यूगल पंपात तसे नसते. तुम्ही स्वतः क्लॅम्प मीटर लावून पाहा. व्हॉल्व्ह आवळल्यावर अँपिअर कमी होतात, वाढत नाहीत. माझ्या कामात मी हे शेकडो वेळा पाहिले आहे. मग जी बचत फुकटात होते आहे, तिच्यासाठी अडीच लाखांचा ड्राइव्ह कशाला?

बुटीबोरी_देखभाल

आपले निरीक्षण खरे आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना ४५ अँपिअर येतात आणि आवळल्यावर ३९. पॅनेलवरच्या ऊर्जा मीटरवर हेच आकडे २८ आणि २३.८ किलोवॅट असे दिसतात.

लेखापरीक्षक_धरमपेठ

मी गेली बरीच वर्षे कारखान्यांचे ऊर्जा लेखापरीक्षण करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वायरमन दादांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. भार खरोखर कमी होतो, पण त्याहून जास्त पाणी कमी होते. २८ किलोवॅटमध्ये १८० घनमीटर पाणी चढत होते, म्हणजे एका घनमीटरला ०.१५६ युनिट लागत होते, आता २३.८ किलोवॅटमध्ये १२० चढते, म्हणजे ०.१९८ युनिट. पाणी एक तृतीयांश घटले आणि वीज मात्र जेमतेम १५ टक्के घटली. अँपिअर पाहून हा फरक कळत नाही, कारण आपण पाणी मोजलेलेच नसते.

विक्रेत्याच्या हिशेबात दोन चुका दिसतात. पहिली चूक लहान आहे. तुम्ही आज २८ किलोवॅट वापरतच नाही, २३.८ वापरता, त्यामुळे तुलना त्याच्याशी व्हायला हवी. दुसरी चूक मोठी आहे, पण ती दाखवण्यासाठी मला तीन मापे लागतील. पंप बंद असताना, लाइन पाण्याने भरलेली असताना, एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे उतरू न देणारी झडप, आणि व्हॉल्व्ह या दोन्हींच्या पुढच्या गेजवर किती दाब दिसतो? १२० घनमीटरवर चालताना व्हॉल्व्हच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गेजवर किती दाब असतो? आणि पंप चालू ठेवून व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, तर अलीकडचे गेज कुठे जाऊन थांबते? हे शेवटचे माप अर्ध्या मिनिटाच्या आत घ्या आणि व्हॉल्व्ह लगेच उघडा, नाहीतर पंपातले पाणी तापू लागते.

संत्रा_काटोल

ताई, मध्येच विचारतो, माफ करा. काटोलजवळ माझी संत्र्याची बाग आहे. बोअरवर साडेसात एचपीची पाणबुडी मोटर आहे, पाणी ३०० फुटांवर आहे. उन्हाळ्यात बोअर लवकर आटते म्हणून मीही व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवतो. मी व्हीएफडी बसवला तर माझे बिल निम्मे होईल का? आमच्या गावात एका दुकानदाराने तसे सांगितले आहे.

लेखापरीक्षक_धरमपेठ

दादा, तुमच्या बोअरवर तसे होणार नाही, आणि याचे कारण धागाकर्त्यांच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे, म्हणून विचारलेत ते बरे केले. तुमची मोटर जो जोर लावते, त्यातला बहुतेक जोर पाणी ३०० फूट, म्हणजे सुमारे ९० मीटर, वर उचलण्यातच जातो. पाइपच्या घर्षणात थोडासाच जातो. वेग कमी केला तरी ते ९० मीटर काही कमी होत नाहीत. पंप किती उंचीवर पाणी फेकू शकतो ते मात्र वेगाच्या वर्गाने घटते, त्यामुळे काही हर्ट्झ उतरवले की पाणी तोंडापर्यंत येतच नाही आणि मोटर आत नुसती फिरत राहते. बोअर आटते म्हणून तुम्ही व्हॉल्व्ह आवळत असाल, तर तुमच्या बोअरच्या झऱ्यापेक्षा पंप मोठा आहे. पुढच्या वेळी मोटर काढाल तेव्हा कमी प्रवाहाचा पंप घ्या, आणि तोपर्यंत पाणी संपल्यावर मोटर आपोआप बंद करणारा रिले तरी नक्की बसवा.

संत्रा_काटोल

समजले ताई. दुकानदाराला ३०० फुटांचे विचारतो.

फाउंड्री_एमआयडीसी

माझा अनुभव पंपाचा नाही, पंख्याचा आहे. आमच्या ओतशाळेत धूळ ओढणाऱ्या पंख्याचा डँपर कायम अर्धा बंद असे. तिथे व्हीएफडी बसवला आणि ४० हर्ट्झवर चालवला, तर वीज जवळजवळ निम्म्यावर आली, म्हणजे घनाचा नियम आमच्याकडे अक्षरशः खरा ठरला. त्यामुळे विक्रेता खोटे बोलतो असे मला वाटत नाही. मात्र पुढे उत्साहात आम्ही ३५ हर्ट्झपर्यंत खाली गेलो आणि दोन महिन्यांत आडव्या डक्टमध्ये वाळू साचली. एक तुकडा खोलून पाहिला तर तळाला चार बोटे थर होता. हवेचा वेग कमी पडला की धूळ वाहून न जाता डक्टमध्येच बसते, ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती.

लेखापरीक्षक_धरमपेठ

आपला पंखा हवा कोणत्याही उंचीवर उचलत नाही. सगळा दाब डक्टच्या आणि फिल्टरच्या घर्षणात जातो आणि ते घर्षण हवेबरोबर कमी होते, म्हणून घनाचा नियम तिथे लागू पडला. विक्रेता पंख्याचे गणित पंपाला लावतो आहे, असे म्हणता येईल. वाळूचा थर हीसुद्धा एक खालची मर्यादाच आहे, फक्त ती वेगळ्या कारणाने येते. धुळीच्या डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला साधारण १८ ते २० मीटरच्या खाली जाऊ देऊ नये, आणि ओतशाळेच्या जड वाळूला त्याहून थोडा अधिकच लागतो.

बुटीबोरी_देखभाल

आज दुपारी मापे घेतली. पंप बंद असताना पुढचे गेज २.२ किलो दाखवते. १२० घनमीटरवर चालताना व्हॉल्व्हच्या अलीकडे साडेचार किलो आणि पलीकडे बरोबर ३ किलो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद केल्यावर अलीकडचे गेज ५ किलोवर गेले. प्रवाह मॅग्नेटिक फ्लो मीटरवर पाहिला आहे, म्हणून त्या आकड्यावर माझा विश्वास आहे.

खरे सांगायचे तर आजवर ही दोन्ही गेजे मी एकत्र कधी वाचली नव्हती. एकाच व्हॉल्व्हच्या दोन बाजूंना दीड किलोचा फरक पाहून थोडा हादरलो.

लेखापरीक्षक_धरमपेठ

तो दीड किलो म्हणजे सुमारे १५ मीटर हेड. पंप ते मेहनतीने तयार करतो आणि व्हॉल्व्ह ते खसखस आवाजात संपवतो. तुमच्या पंपाच्या आणि मोटरच्या कार्यक्षमतेचा अंदाज धरला, तर एकट्या त्या व्हॉल्व्हवर सुमारे ८ किलोवॅट जातात. व्हीएफडीकडून बचत मिळायची ती मुख्यतः इथूनच मिळणार आहे, त्यामुळे तिची कमाल मर्यादाही याच आकड्याच्या आसपास राहील.

आता ३३ हर्ट्झचे पाहू. पूर्ण वेगाला आणि बंद व्हॉल्व्हवर तुमचा पंप ५ किलो, म्हणजे ५० मीटर देतो. वेग दोन तृतीयांश केला की हे हेड त्याच्या वर्गाने, म्हणजे नऊ भागांतील चार भागांवर येते. ५० चे होतात २२ मीटर. तुमची गच्चीवरची टाकी किती उंच आहे? पंप बंद असताना गेज २.२ किलो, म्हणजे २२ मीटर दाखवते. याचा अर्थ विक्रेत्याने सांगितलेल्या वेगाला पंप पाणी टाकीच्या काठापर्यंत कसाबसा पोहोचवेल आणि एक थेंबही आत पडणार नाही. एनआरव्ही मिटलेला राहील, पॅनेलवर वीज खरोखर कमी दिसेल आणि पंपातले पाणी मात्र तापत जाईल.

मग १२० घनमीटरसाठी किती वेग हवा? व्हॉल्व्हच्या पलीकडे ३ किलो दिसतात, म्हणजे लाइनला ३० मीटर हेड पुरते: २२ उचलण्याचे आणि ८ घर्षणाचे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पंपाला एवढेच हेड द्यायला लावायचे, तर वेग सुमारे ८३ टक्के येतो, म्हणजे ४१.५ हर्ट्झ. या ठिकाणी पंपाची कार्यक्षमताही आजच्यापेक्षा थोडी सुधारते, कारण तो आपल्या मूळ प्रवाहाच्या अधिक जवळ काम करतो. कमी भारावर मोटरची कार्यक्षमता किंचित उतरते आणि ड्राइव्ह स्वतः तीन-चार टक्के खातो. हे सगळे धरून माझ्या हिशेबाने मीटरवर १५.२ किलोवॅट दिसायला हवेत.

२३.८ वजा १५.२, म्हणजे ८.६ किलोवॅट. ४,००० तासांत ३४,४०० युनिट आणि ९ रुपयांप्रमाणे सुमारे ३ लाख १० हजार रुपये. बचत ३६ टक्के आहे, ७० नव्हे. तरीही तुमचा खर्च नऊ-दहा महिन्यांत वसूल होतो, त्यामुळे प्रस्ताव टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. फक्त साहेबांपुढे ७ लाखांचा आकडा नेऊ नका. वर्षअखेरीस ३ लाख वाचले, तर ते चांगले काम असूनही अपयशासारखे दिसेल आणि पुढच्या पंपासाठी पैसे मागताना तोंड उरणार नाही.

वायरमन_हिंगणा

ताई, हे मी मान्य करतो. पाण्याने भागायचे हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. पण मग एक शंका आहे. वर टाकी आहेच, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप चालू-बंद का करत नाहीत? टाकी भरली की बंद, उतरली की चालू. फ्लोट स्विचला किती पैसे लागतात?

लेखापरीक्षक_धरमपेठ

दादा, हा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता. तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि त्याने माझ्या वरच्या हिशेबाचे वजन बदलते.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना घनमीटरला ०.१५६ युनिट लागते, हे आपण पाहिले. पंप थांबत-थांबत चालवून तासाला सरासरी १२० घनमीटर चढवले, तर सरासरी १८.७ किलोवॅट होतात. म्हणजे आजच्या २३.८ वरून ५ किलोवॅटची बचत फ्लोट स्विच आणि स्टार्टरच्या थोड्या वायरिंगवर मिळते. व्हीएफडी त्यापुढे फक्त साडेतीन किलोवॅट अधिक वाचवतो, वर्षाला १४,००० युनिट, सुमारे सव्वा लाख रुपये. अशी तुलना केली तर खर्च वसूल व्हायला नऊ महिने नव्हे, जवळजवळ दोन वर्षे लागतात. व्हीएफडीची तुलना फक्त आवळलेल्या व्हॉल्व्हशी करणे हे प्रस्ताव आकर्षक दाखवण्याचे सोपे साधन आहे, आणि तुलना कशाशी करतो हे न तपासता मीही त्याच वाटेने गेले.

देखभाल साहेब, वरची टाकी किती मोठी आहे?

बुटीबोरी_देखभाल

अडचण तिथेच आहे. टाकी २० घनमीटरची आहे आणि त्यातले वापरता येणारे पाणी सुमारे १५ घनमीटर. चालू असताना ताशी १८० येणार आणि १२० जाणार, म्हणजे पंधरा मिनिटांत भरेल. बंद केल्यावर साडेसात मिनिटांत उतरेल. तासाला जवळजवळ तीन वेळा स्टार्ट. आमचा स्टार-डेल्टा स्टार्टर जुना आहे, आणि पंप थांबताना एनआरव्ही इतक्या जोरात आपटतो की खालच्या मजल्यावर धक्का जाणवतो. दिवसाला दोनदा होते तोवर ठीक होते.

जुना_फिटर_महाल

मी पंपांवर चौतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. लेखापरीक्षक ताईंचे गणित मला शोभणार नाही, पण दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्या सांगतो.

एका ठिकाणी व्हीएफडी बसवून वर्ष झाले तरी बिल हलले नाही, म्हणून मला बोलावले. ड्राइव्हच्या पडद्यावर ४९ हर्ट्झ दिसत होते. मी आधी व्हॉल्व्हच्या चाकाकडे गेलो, तर तो जुन्या खुणेवर तसाच अर्धा आवळलेला. ऑपरेटर बिचारा रोजच्या सवयीने तिथेच आणून ठेवत होता, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्यावर कहर म्हणजे ड्राइव्हला जो दाब सांभाळायला सांगितला होता तो पंपाच्या तोंडाचा जुना साडेचार किलोचाच होता. मग वेग उतरणार कसा? व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, चाकाला साखळी घातली, दाबाचा आकडा लाइनच्या गरजेप्रमाणे खाली आणला आणि त्याच दिवशी हर्ट्झ उतरले. तुमच्याकडे बसवलात तर पडद्यावर ४१-४२ दिसतात का, ते पहिल्याच दिवशी पाहा.

दुसरी गोष्ट आपल्या नागपूरच्या उन्हाची. ड्राइव्हच्या पाटीवरचा भार साधारण ४० अंशांपर्यंतचा असतो. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, वर पत्र्याची शेड आणि त्यात बंद पॅनेल, मग आत किती होत असेल ते धरा. दुपारी दोन ते पाच या वेळेत तापमानाचा दोष दाखवून ड्राइव्ह बंद पडतो आणि लोक पंपाला दोष देतात. पॅनेल सावलीच्या खोलीत घ्या किंवा एक माप मोठा ड्राइव्ह मागा, आणि पंख्याच्या जाळीवरची धूळ दर आठवड्याला झाडा. तुमच्या कारखान्यात तेलकट धूळ असेल, ती जाळी लवकर बुजवते.

फाउंड्री_एमआयडीसी

मला एक कळत नाही. दहा महिने १२० हेच लागणार असेल, तर इम्पेलर, म्हणजे पंपातले पाणी फेकणारे फिरते चाक, खराद्यावर लावून लहान का करून घेत नाहीत? वेग तोच, ड्राइव्हचा खर्च नाही, त्याचे नुकसानही नाही.

जुना_फिटर_महाल

वर्षभर १२० लागले असते तर मीही तेच सांगितले असते. पण हंगामात पुन्हा १८० हवे आहेत, मग दोन महिन्यांसाठी दुसरा इम्पेलर ठेवून वर्षातून दोनदा पंप खोलावा लागेल. शिवाय इम्पेलर एकदा जास्त कापला गेला की तो जोडता येत नाही. दोन टप्प्यांत कापून प्रत्येक वेळी प्रवाह मोजायचा धीर असेल तरच त्या वाटेला जा.

लेखापरीक्षक_धरमपेठ

काकांच्या दोन्ही गोष्टींना मी दुजोरा देते. हंगामाच्या दोन महिन्यांबद्दल एवढे जोडते की तेव्हा पंप पूर्ण वेगाने चालणार, त्यामुळे ड्राइव्ह काही वाचवणार नाही. उलट स्वतःचे सुमारे एक किलोवॅट खाईल. तेवढ्यासाठी ड्राइव्ह वगळून मोटर थेट पुरवठ्यावर चालवणारा बायपास ठेवता येतो. ड्राइव्ह बिघडला तर तोच बायपास कामी येतो, आणि माझ्या मते बायपास घेण्याचे ते अधिक मोठे कारण आहे.

बसवल्यानंतर बचत मोजाल तेव्हा ड्राइव्हच्या पुढच्या, मोटरकडच्या तारांवर साधे क्लॅम्प मीटर लावून निष्कर्ष काढू नका. तिथे अँपिअर पुरवठ्याच्या बाजूपेक्षा वेगळे असतात. ड्राइव्हच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूला, किलोवॅट आणि युनिट मोजा आणि त्याच काळातल्या घनमीटरने भागा. आज ०.१९८ आहे, ते ०.१२७ च्या आसपास आले तर काम जमले.

बुटीबोरी_देखभाल

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात साहेबांच्या परवानगीने एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पंप हाताने चालू-बंद करून पाहिला. आठ तासांत १५४ युनिट लागली आणि फ्लो मीटरवर ९७० घनमीटर पाणी दिसले, म्हणजे घनमीटरला ०.१५९. ताईंच्या आकड्याशी हे जवळजवळ जुळले. पण त्या दिवशी स्टार्ट २२ झाले, एनआरव्ही प्रत्येक वेळी आपटला, आणि संध्याकाळी फ्लँजच्या एका जोडातून थेंब गळू लागले. गॅस्केट बदलावे लागले.

विक्रेत्याला ३३ हर्ट्झ आणि २२ मीटरचा हिशेब कागदावर मांडून पाठवला. त्याने सुधारित प्रस्तावात ४२ हर्ट्झ आणि ३५ टक्के लिहून दिले आहेत आणि वाद घातला नाही.

साहेबांपुढे आता दोन पर्याय आहेत. एक, बायपाससह व्हीएफडी. दुसरा, फ्लोट स्विच, हळू मिटणारा एनआरव्ही आणि सॉफ्ट स्टार्टर. दुसऱ्याचा खर्च अजून हाती आलेला नाही. जुने फिटर काका, हळू मिटणारा एनआरव्ही तासाला तीन वेळा उघडझाप करत किती वर्षे टिकतो, याचा आपल्याला अनुभव आहे का? निर्णय बराचसा त्यावरच अडला आहे.

जुना_फिटर_महाल

स्प्रिंगचा चांगला एनआरव्ही मी रोज पन्नास-साठ वेळा चालताना चार-पाच वर्षे पाहिला आहे, पण ते पाणी स्वच्छ होते. तुमच्या खालच्या टाकीत गाळ असेल तर सीट लवकर कापली जाते आणि मग पाणी मागे उतरू लागते. पंप बंद करून पुढच्या गेजकडे दहा मिनिटे पाहत राहा. २.२ वर काटा स्थिर राहिला तर आजचा एनआरव्ही शाबूत आहे आणि पाणीही फार खराब नसावे. काटा हळूहळू खाली सरकू लागला, तर पर्याय कोणताही घ्या, आधी खालची टाकी साफ करून घ्या.